सीईटीचं वर्ष: फोटोतले फिजिक्सचे प्रश्न आणि एककांची तपासणी

बारावीच्या वर्षात भाचीचं फिजिक्स माझ्या गळ्यात पडलं, कारण घरात बीएस्सी फिजिक्स झालेली मी एकटीच. पदवी घेऊन वीस वर्षं उलटली होती आणि त्यानंतर फोर्टातल्या ऑफिसात विम्याचे दावे तपासण्यात फिजिक्सचा काही संबंध आला नव्हता. सई राहते लालबागला, मी मुलुंडला. त्यामुळे समोर बसून शिकवणं क्वचित आणि व्हॉट्सॲपवर आलेले फोटो बघणं रोजचं, असं ते वर्ष गेलं. आता सीईटी होऊन निकालही लागलाय, म्हणून लिहून ठेवते. सगळं वर्ष लिहीत नाही. फोटोतून आलेल्या प्रश्नाचे चुकीचे पर्याय एककं आणि मिती तपासून कसे बाद करायचे, ते आम्हाला कसं जमत गेलं आणि कुठे अजिबात जमलं नाही, एवढंच.

जूनमध्ये तिने दादरच्या एका क्लासची टेस्ट सिरीज लावली. फी तीन हप्त्यांत. शंका विचारायला फक्त रविवार सकाळ, तीही नंबर लावून. दीड-दोन तास थांबल्यावर एका मुलाला दोनच प्रश्न विचारू देत. ताई म्हणाली, "एवढा वेळ तिथे बसण्यापेक्षा तुला पाठवू दे ना." मग ठरलं. सई अभ्यासिकेतून रात्री निघताना दिवसभर अडलेल्या प्रश्नांचे फोटो टाकणार आणि मी सकाळी लोकलमध्ये जागा मिळाली तर बघणार. मुलुंडहून सीएसएमटीची स्लो गाडी पकडली की जवळपास एक तास हातात असतो. वही-पेन काढायची सोय नसते. जे काही करायचं ते डोक्यात.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की फिजिक्सच्या आधी फोटोचा प्रश्न सोडवायला हवा. टेस्ट सिरीजची छपाई बारीक, कागद चकचकीत, वरून ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा. घाताचा 2 आहे की 3 ते कळत नसे. l आणि 1 सारखेच दिसत. ρ हा p वाटे, ν आणि v मध्ये फरकच दिसत नसे. सगळ्यात त्रासदायक म्हणजे वर्गमुळाची आडवी रेघ. ती कुठे संपते हेच दिसलं नाही तर आख्खा पर्याय बदलतो. मी तिला सांगितलं की फ्लॅश बंद ठेव, पान खिडकीकडे किंवा दिव्यापासून तिरकं धर, आकृती आणि चारही पर्याय एकाच फोटोत घे, आणि फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव. तसं पाठवलं की व्हॉट्सॲप चित्राचा दर्जा कमी करत नाही. एवढं करूनही शंका असेल तिथे प्रश्नाखाली तिने स्वतःच्या अक्षरात पर्याय लिहायचे. हा नियम तिला फार जाचक वाटला. पण पुढे असं दिसलं की लिहिता लिहिताच तिचे काही प्रश्न सुटत होते आणि ते फोटो माझ्यापर्यंत यायचेच नाहीत.

आता मुख्य गोष्ट. बारावीचा पहिला धडा रोटेशनल डायनॅमिक्स, आणि तिथे ही युक्ती जवळजवळ निरुपयोगी आहे. हे आधीच सांगते, कारण अकरावीत मिती शिकलेली मुलं मोठ्या उत्साहाने ती इथे लावायला जातात. जडत्व आघूर्णाचे चार पर्याय बघा: MR²/2, 2MR²/5, 3MR²/2, 7MR²/5. सगळ्यांची मिती एकच. फरक फक्त पुढच्या आकड्यात, आणि आकड्याला मिती नसते. सईने अशा एका प्रश्नावर बराच वेळ घालवल्यावर मी तिला एक सवय लावली. आधी चार पर्यायांवरून नुसती नजर फिरवायची. अक्षरं आणि त्यांचे घात चारही ठिकाणी सारखेच असतील तर मितीच्या वाटेला जायचंच नाही. अक्षरांची जागा किंवा घात बदलत असतील तरच पुढे जायचं. या नजर फिरवण्याला तीन-चार सेकंद लागतात.

सेकंदांचा हिशेब महत्त्वाचा आहे. सीईटीला फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून 100 प्रश्न आणि 90 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी 54 सेकंद. शाळा-कॉलेजात शिकवतात तसं प्रत्येक राशीचं M, L, T मध्ये रूपांतर करायचं, घात मांडायचे, वजाबाकी करायची, यात तीन-चार मिनिटं सहज जातात. परीक्षेत ती पद्धत परवडत नाही. लोकलमध्ये उभ्याने तर ती शक्यच नाही.

माझी सुटका झाली ती जुलैमध्ये, द्रवांच्या धड्यात. चिकट द्रवात पडणाऱ्या छोट्या गोळीचा अंतिम वेग विचारला होता. पर्यायात 2r(ρ−σ)g/9η असं काहीतरी होतं आणि r च्या डोक्यावर एक डाग. तो 2 असेल, 3 असेल किंवा नुसताच शाईचा ठिपका. सूत्र मला आठवत नव्हतं. पण स्टोक्सचा नियम आठवत होता: बल = 6πηrv. त्यावरून η म्हणजे बल भागिले लांबी भागिले वेग, म्हणजेच न्यूटन-सेकंद प्रति चौरस मीटर. ρg हे एक घनमीटर द्रवाचं वजन, म्हणजे न्यूटन प्रति घनमीटर. आता ρg ला η ने भागलं की न्यूटन उडतो आणि उरतं एक भागिले मीटर-सेकंद. आपल्याला वेग हवा, मीटर प्रति सेकंद. त्यासाठी वर मीटरचा वर्ग हवा, आणि सूत्रात लांबी म्हणून फक्त r आहे. म्हणजे डागाखाली 2 च असणार.

यात कुठेही M, L, T आले नाहीत. न्यूटन हाच एक तुकडा धरला आणि तो पुरा उडाला. मी सईला स्टेशनवर उतरल्यावर व्हॉइस नोट पाठवली. संध्याकाळी तिचा फोन.

"मावशी, पण न्यूटन म्हणजे किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंदवर्ग ना? तो फोडला नाहीस तर चालतं?"

"वर-खाली दोन्हीकडे आहे ना? मग जातोच तो. कशाला फोडायचा?"

"कॉलेजात मॅडम मूळ एककांपर्यंत जायला सांगतात."

"बोर्डाच्या पेपरात तसंच लिही, पायऱ्यांना मार्क आहेत. इथे पायऱ्या कोणी बघत नाही."

तेव्हापासून आम्ही एक पान तयार करायला घेतलं. त्यावर प्रत्येक राशीची मिती पाठ करायला लिहिली नाही, तर ती राशी जिथे भेटते असं एखादं ओळखीचं नातं लिहिलं. η साठी 6πηrv म्हणजे बल. पृष्ठताणासाठी: पृष्ठताण गुणिले लांबी म्हणजे बल, किंवा पृष्ठताण गुणिले क्षेत्रफळ म्हणजे ऊर्जा. G साठी GM²/r म्हणजे ऊर्जा. k साठी kT म्हणजे ऊर्जा. प्लँकच्या h साठी h गुणिले वारंवारता म्हणजे ऊर्जा. वर्षअखेरीपर्यंत पान दोन्ही बाजूंनी भरलं. त्याच्या झेरॉक्सला दोन रुपये पडले. कोणाला करायचं असेल तर दुसऱ्याचं पान घेऊ नका, स्वतःचं करा, कारण नातं स्वतःला आठवणारं हवं. सईला G चं नातं GMm/r² म्हणजे बल असं जवळचं वाटायचं, मला ऊर्जेचं. दोन्ही चालतात.

सप्टेंबरमध्ये गणपती झाले आणि वेव्ह ऑप्टिक्सचा धडा आला. इथे पुन्हा एक मर्यादा कळली आणि ती पहिल्यापेक्षा जास्त फसवी आहे. दोन फटींच्या प्रयोगात पट्ट्यांची रुंदी विचारली होती. पर्याय होते λD/d, λd/D, dD/λ आणि λ/dD. शेवटचा लगेच बाद: वर एक लांबी, खाली दोन, मीटर उरतच नाही. पण पहिले तीन? तिन्हींची मिती लांबीच. λ, d आणि D या तिन्ही लांब्या, त्यामुळे दोन वर आणि एक खाली असं काहीही केलं तरी उत्तर मीटरमध्येच येणार. अक्षरांच्या जागा बदलत होत्या, म्हणजे आमच्या नजर फिरवण्याच्या नियमाने मिती लावून बघण्यासारखा प्रश्न होता, आणि तरीही मितीने चारपैकी एकच पर्याय काढला.

अशा वेळी मिती सोडून टोकाचा विचार करायचा. पडदा लांब नेला तर पट्ट्या पसरणार की आकसणार? प्रयोगशाळेत कोणीही पाहिलंय की पसरतात. म्हणजे D वर हवा, आणि λd/D बाद. फटी एकमेकींच्या जवळ आणल्या तर पट्ट्या रुंद होतात, म्हणजे d खाली हवा, आणि dD/λ गेला. प्रश्नात एकाच जातीच्या दोन-तीन राशी असल्या, दोन लांब्या, दोन वस्तुमानं, दोन रोध, की मितीची धार बोथट होते. त्यांचा भागाकार हा नुसता आकडा असतो आणि तो सूत्रात कुठेही लपू शकतो. हे सईला मी सांगून पटलं नसतं. तिने स्वतः तीन पर्यायांची मिती काढून तिन्ही सारख्या आल्यावर पटलं.

दिवाळीनंतर विद्युतचुंबकीय प्रवर्तन आलं. याच धड्यातला एक प्रश्न सविस्तर लिहिते, कारण त्यात सगळं आहे.

फोटोत आकृती अशी. दोन उभ्या, गुळगुळीत पट्ट्या, वरच्या टोकांना R रोधाने जोडलेल्या. त्यांच्यावरून m वस्तुमानाची, l लांबीची आडवी दांडी गुरुत्वाने खाली घसरते आहे. चुंबकीय क्षेत्र B पट्ट्यांच्या प्रतलाला लंब. दांडीचा अंतिम, स्थिर वेग किती? पर्याय:

(अ) mgR/Bl
(ब) mgR/B²l²
(क) mgR²/B²l²
(ड) mgR/2B²l²

फोटोत (क) मधला R च्या वरचा 2 पुसट होता, म्हणून सईने खाली हाताने लिहून "बहुतेक 2" अशी टीप जोडली होती. शिवाय तिने स्वतः मिती काढायचा प्रयत्न केलेला. B ची मिती MT⁻²A⁻¹, R ची ML²T⁻³A⁻², अशी मांडणी करून दीड पान भरलं होतं. (ब) पर्यायाला शेवटी LT⁻¹ आलंही होतं बरोबर. पण बाकीचे पर्याय तपासायला तिच्यात त्राण उरलं नव्हतं. विजेच्या धड्यांत M, L, T, A ची वाट फार लांबची. तिथे व्होल्ट आणि अँपिअर हेच तुकडे धरायचे.

आमच्या पानावर B साठी नातं होतं: Blv म्हणजे व्होल्ट. हलत्या दांडीत निर्माण होणारं विद्युतचालक बल. त्यावरून Bl म्हणजे व्होल्ट भागिले वेग, म्हणजे व्होल्ट-सेकंद प्रति मीटर. हे खालचं झालं.

वर mgR आहे. mg हे बल, म्हणजे न्यूटन. न्यूटन हा ज्यूल प्रति मीटर, आणि ज्यूल म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले सेकंद. R म्हणजे व्होल्ट प्रति अँपिअर. दोन्ही गुणले की अँपिअर उडतो आणि mgR उरतं व्होल्टवर्ग-सेकंद प्रति मीटर.

आता पर्याय. (अ) मध्ये mgR ला Bl ने एकदाच भागलंय. व्होल्टवर्ग-सेकंद प्रति मीटर भागिले व्होल्ट-सेकंद प्रति मीटर, उरतो नुसता व्होल्ट. वेग विचारला आणि उत्तर व्होल्टमध्ये, बाद. (ब) मध्ये Bl च्या वर्गाने भागलंय. व्होल्टचा वर्ग उडतो, सेकंद खाली एक आणि मीटर वर एक उरतो. मीटर प्रति सेकंद. हा वेग आहे. (क) म्हणजे (ब) गुणिले आणखी एक R, म्हणजे वेग गुणिले ओहम, बाद. (क) साठी नव्याने काही काढावं लागलं नाही, (ब) शी तुलना पुरली. पर्यायांत एक कुठलाही नीट तपासला की बाकीचे त्याच्या मानाने किती बिघडलेत तेवढंच बघायचं, हे इथे तिला पहिल्यांदा लख्ख दिसलं.

तो पुसट 2 खरोखर 2 नसता तर (क) आणि (ब) एकच झाले असते, आणि एकाच प्रश्नाला दोन पर्याय तंतोतंत सारखे नसतात. म्हणून तो 2 च होता. हेही फोटो वाचताना उपयोगी पडतं.

उरले (ब) आणि (ड). दोघांत फरक फक्त 2 चा, आणि मितीला 2 दिसत नाही. इथे मिती थांबते आणि फिजिक्स सुरू होतं. वेग स्थिर आहे, म्हणजे गुरुत्वाचं बल आणि दांडीवरचं चुंबकीय बल सारखं. mg = BIl. प्रवाह I = Blv/R. हा वर घातला की mg = B²l²v/R, म्हणून v = mgR/B²l². उत्तर (ब).

"मग हे आधीच केलं असतं तर मितीची गरजच काय होती?" सईने विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. दोन ओळींत सूत्र निघत असेल तर खरंच गरज नाही. पण तिला त्या दोन ओळी सुचल्या नव्हत्या. सुचलं होतं ते ऊर्जेचं. घसरताना जाणारी स्थितिज ऊर्जा रोधात उष्णता होते, इथपर्यंत बरोबर. पण तिथे ती गतिज ऊर्जेचा ½mv² घुसवत होती. (ड) पर्याय अशाच मुलांसाठी ठेवलेला असतो. वेग स्थिर असल्यावर गतिज ऊर्जा बदलत नाही, त्यामुळे ½ कुठूनच येत नाही. दर सेकंदाला जाणारी ऊर्जा mgv, रोधात खर्च होणारी (Blv)²/R, दोन्ही सारखी मांडली की तेच उत्तर. मितीने काम एवढंच केलं की चारऐवजी दोन पर्याय समोर राहिले आणि विचार करायचा मुद्दा एका 2 वर आला.

मग आम्ही पर्यायांकडे बघण्याचा एक क्रम ठेवला आणि तो शेवटपर्यंत बदलला नाही. आधी नजर. अक्षरं वेगळी दिसली तर मिती. मितीने दोन उरले आणि फरक आकड्याचा असेल तर थेट मांडणी. फरक त्याच जातीच्या दोन राशींच्या जागेचा असेल तर टोकाचा विचार. मांडणी सुचत नसेल तर उरलेल्यांपैकी एक खूण करून पुढे. सीईटीला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे प्रश्न कोरा सोडायचाच नाही. जेईई मेन देणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथे बरोबरला 4 आणि चुकीला वजा 1. दोन पर्याय निश्चित बाद झाले असतील तर उरलेल्या दोनांत अंदाज लावणं सरासरीने फायद्याचं आहे, प्रश्नामागे दीड गुण. पण "निश्चित" हा शब्द तिथे फार महत्त्वाचा. पुसट फोटोवरून बाद केलेला पर्याय निश्चित नसतो.

जानेवारीत आणखी एक प्रकार दिसला, थोडक्यात सांगते. उत्तरं 20 मीटर, 20 सेंटीमीटर, 72 मीटर आणि 72 सेंटीमीटर अशी असली की मितीचा काही उपयोग नाही, चारही लांब्याच. इथे एकक तपासायचं, मिती नव्हे. प्रश्नात वेग किलोमीटर प्रति तास दिला असेल तर तो आधी 3.6 ने भागून मीटर प्रति सेकंद करायचा. 72 किलोमीटर प्रति तास म्हणजे 20 मीटर प्रति सेकंद. म्हणूनच पर्यायांत 72 पेरलेला असतो. 1999 साली नासाचं मंगळाकडे पाठवलेलं एक यान याच जातीच्या घोळात गेलं. एका बाजूने आकडे पौंड-सेकंदात आले, दुसऱ्या बाजूने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. मिती दोन्हींची एकच, त्यामुळे नुसत्या मितीच्या तपासणीत ते सापडलंच नसतं.

फेब्रुवारी-मार्च बोर्डाच्या परीक्षेत गेले. फोटो जवळजवळ बंद. सीईटीचा अर्ज त्याआधीच भरला होता. भावजींनी रात्री उशिरा बसून भरला, कारण दिवसा साइट हळू चालते असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. सहीचा फोटो ठरलेल्या मापात बसेना म्हणून पुन्हा कोऱ्या कागदावर काळ्या पेनने सही करून घेतली. अर्ज भरताना लॉगिनचा पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. तो निकाल आणि प्रवेशापर्यंत पुन्हा पुन्हा लागतो.

एप्रिलमध्ये परीक्षा. केंद्र उपनगरात, सकाळची पाळी. ताई आणि मी दोघी बाहेर रसवंतीत बसलो. ऊन मरणाचं. आत काय झालं ते सईने नंतर सांगितलं ते असं: कच्च्या कामाला कागद मिळाले, स्क्रीनवरची सूत्रं स्वच्छ दिसत होती, आणि "मावशी, घात दिसत होते गं, किती बरं वाटलं." विजेचे प्रश्न तिने व्होल्ट-अँपिअरवर तपासले. किती बरोबर आले याचा हिशेब आम्ही त्या दिवशी केला नाही.

नंतर उमेदवाराच्या लॉगिनमध्ये तिचे प्रश्न, तिने दिलेली उत्तरं आणि उत्तरतालिका दिसायला लागली. हरकत नोंदवायची असेल तर मोजकेच दिवस असतात आणि आमच्या वेळी प्रत्येक प्रश्नाला 1000 रुपये भरायचे होते. सईने एका प्रश्नाचा स्क्रीनचा फोटो पाठवला. यावेळी फोटो स्वच्छ होता. C धारितेचा कंडेन्सर V व्होल्टच्या बॅटरीने पूर्ण भारित केला, बॅटरीने किती कार्य केलं? तालिकेत CV², तिने दिलेलं ½CV². "मावशी, ऊर्जा ½CV² असते. हरकत घेऊया? पप्पा पैसे भरायला तयार आहेत."

इथे मितीकडे बघायचं कारणच नव्हतं, दोन्ही ज्यूल. पण हरकतीसाठी आधार काय देणार? प्रश्न बॅटरीने केलेल्या कार्याचा होता, कंडेन्सरमध्ये साठलेल्या ऊर्जेचा नव्हता. बॅटरीने एकूण भार Q = CV ढकलला, आणि तोही सतत V व्होल्टवर. म्हणजे कार्य QV, अर्थात CV². त्यातली निम्मी ऊर्जा कंडेन्सरमध्ये साठते, उरलेली निम्मी तारांच्या रोधात उष्णता म्हणून जाते, मग रोध कितीही कमी का असेना. मी तिला विचारलं, "तारेत गरम झालेलं कोणी दिलं?" ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बॅटरीनेच. पप्पांना सांगते भरू नका."

भावजींनी ते 1000 रुपये कॅपच्या नोंदणी शुल्कासाठी बाजूला ठेवले.